पाकिटामागची दहा वाक्यं

मुलगी कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच सरळ चुलीपाशी आली आणि माझ्यासमोर चार कागद टाकले. मी मोहाची फुलं भाजत होते. फुलं भाजताना हात थांबवता येत नाही, थांबला की करपतात. तरी मी कढई उतरवली, कारण तिचा चेहरा बघवत नव्हता.

ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्टसाठी तिनं माझाच धंदा निवडला होता. मुर्रीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी मोहफुलांचे लाडू करते, पाकिटात भरते आणि गोंदियात दुकानांत, प्रदर्शनांत विकते, त्याचा अभ्यास. त्या कागदांवर तिच्या प्रोजेक्टचं तिसरं प्रकरण छापलेलं होतं आणि त्याचं पहिलं पान वरपासून खालपर्यंत पिवळं झालं होतं. कॉलेजनं प्रोजेक्ट एका सॉफ्टवेअरमध्ये घातलं होतं. दुसरीकडे जे जसंच्या तसं सापडतं ते त्यात पिवळं होतं. खाली सापडल्याची जागा लिहिली होती. शहरातल्या एका व्यापाऱ्याची वेबसाइट. सुका मेवा आणि ‘वनोपज’, म्हणजे जंगलातला माल, विकणारा.

“मॅडम म्हणून राहिल्या, मी त्याच्या साइटवरून चोरलं,” ती म्हणाली. “मम्मी, हे तं आपल्या पाकिटावरचं हाय ना?”

होतंच. दहा वाक्यं, आमच्या पाकिटाच्या पाठीमागची, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पाकिटावरचं त्यानं उचललं आणि चोर ठरली माझी पोरगी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, इथे तर चोराला बोंब मारायचीही गरज पडली नव्हती, सॉफ्टवेअरच त्याच्या वतीनं मारत होतं.

तिनं पुढचं सांगितलं. आठवड्यानं विभागात बैठक होती. मजकूर कुठून आला हे तिथे सिद्ध करायचं. नाही झालं तर प्रोजेक्ट रद्द, आणि प्रोजेक्ट रद्द म्हणजे शेवटचं सेमिस्टर अडकलं. प्रोजेक्टच्या सुरुवातीला तिनं दोन गोष्टी सहीनिशी लिहून दिल्या होत्या. एक, पाकिटावरचा मजकूर उद्योगाच्या मालकिणीनं स्वतः लिहिला आहे. दुसरी, या प्रोजेक्टमध्ये कुठेही चॅटबॉटनं लिहिलेला मजकूर नाही. कॉलेजचा छापील फॉर्म असतो, त्यात होय-नाहीवर खूण करायची असते. तिनं ‘नाही’वर केली होती.

ते ऐकलं आणि माझ्या रागाच्या खाली काहीतरी गार झालं. मी म्हणाले, मी बघते त्याच्याकडे.

आता खरं सांगायचं तर ती दहा वाक्यं मी लिहिली नव्हती.

माझं माहेर देवरीकडचं, जंगलातलं. मोह मी लहानपणापासून वेचला, वाळवला, भाजला. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर असे. पण बारावीनंतर लग्न झालं आणि पुढची वीस वर्षं मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. पाकीट छापायची वेळ आली तेव्हा कोरा कागद घेऊन दोन दुपारी बसले. एक ओळ उतरली नाही. लाज वाटली. घरात कोणाला सांगितलं नाही आणि सरळ छपाईच्या दुकानात गेले.

आमच्याकडे छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक मजकूर घेऊन जात नाही, तिथे मजकूर मिळतो. लग्नपत्रिका छापायची तर दुकानदार जुन्या पत्रिकांचा गठ्ठा पुढे टाकतो. वरचा श्लोक या पत्रिकेतला, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ त्या पत्रिकेतलं, फक्त नावं बदलायची. बारसं, तेरवी, दुकानाचं उद्घाटन, सगळ्याचं तसंच. त्याला ते लोक ‘मॅटर’ म्हणतात. मॅटर कोणाचं असं कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतल्या ओळी माझ्या नणंदेच्या पत्रिकेत होत्या आणि आम्हाला दोघींना त्या फार आवडल्या होत्या.

दुकानदार म्हणाला, आता गठ्ठा बघायची गरज नाही, चॅटबॉट आहे. तुम्हाला काय सांगायचं ते मला व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा. मी घरी येऊन पडवीत बसून त्याला बोलून पाठवलं, आमच्या बोलीत, फूल कसं वेचतात, कसं वाळवतात, लाडू कसा लागतो. त्यानं ते मशीनला ऐकवलं आणि म्हटलं, लेबलासाठी चांगल्या मराठीत लिहून दे. दहा वाक्यं आली. मी वाचली आणि मला वाटलं, हेच तर मला लिहायचं होतं.

पहिल्याच प्रदर्शनात एका बाईनं पाकीट उलटवून वाचलं आणि विचारलं, किती छान लिहिलंय, कोणी लिहिलं? मी म्हणाले, मीच. एवढंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानंतर जो विचारेल त्याला मी तेच सांगत गेले. मुलीनंही विचारलं होतं. तिलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपाईच्या दुकानात उभी. मी आवाज चढवूनच विचारलं, “भाऊ, माहा मजकूर त्या व्यापाऱ्याले कायले देल्ला?”

त्याला आधी कळलंच नाही मी का चिडले. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, “ताई, मॅटर हाय ते. त्यांनी मोहाच्या लाडवाचं लेबल मांगलं, माह्याकडं मोहाच्या लाडवाचं मॅटर होतं. लग्नपत्रिकेतला श्लोक कोणी इचारून घेते का?”

मी म्हटलं श्लोक वेगळा, हे माझं. तर म्हणतो, तसं बघितलं तर माझं. अकाउंट माझं, मशीनला सांगितलं मी, चॅटबॉटच्या कंपनीच्या अटींत लिहिलंय की जे निघेल ते वापरणाऱ्याचं. वापरणारा मी. आणि त्यानं मला मोबाइलवर ती अट उघडून दाखवली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि वर तो मला बिळाचा सातबारा दाखवत होता.

तिथून तशीच व्यापाऱ्याकडे गेले. त्याचं दुकान बाजारात, काचेचं, थंडगार. तो मला बसा म्हणाला, पाणी मागवलं, मी प्यायले नाही. त्यानं माझं पाकीट बघितलं, मग स्वतःचं. दोन्ही पाठी सारख्या. तो हिंदीतच बोलतो. त्यानं छपाईवाल्याकडून ऐकलेलंच होतं.

“बहनजी, ये तो मशीन का लिखा है,” तो म्हणाला. “आपने नहीं लिखा, मैंने नहीं लिखा. इसका मालिक कौन? कोई नहीं.”

मी त्याला म्हटलं, माझी पोरगी तुमच्या वेबसाइटपायी चोर ठरून राहिली. तो म्हणाला, वाईट वाटलं, पण त्याला तो काय करणार. माणूस उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो नम्र होता आणि हलत नव्हता. मी रागारागानं दुकानाच्या पायऱ्या उतरले. आणि त्या रागात सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की तो खोटं बोलत नव्हता.

प्रदर्शनात ओळख झालेली एक वकीलबाई होती, माझे लाडू नेणारी. कोर्टाच्या आवारात तिचं टेबल आहे. तिच्याकडे गेले. तिला मी आधी अर्धंच सांगितलं, व्यापाऱ्यानं माझं चोरलं एवढंच. तिनं विचारलं, कोणी लिहिलं? मी तोंड उघडलं आणि नेहमीचं उत्तर जिभेवर आलं. तिनं पेन खाली ठेवला आणि म्हणाली की मी नोटीस पाठवीन, त्यात तुम्ही लिहिलं असं म्हणेन, आणि उद्या छपाईवाल्यानं मशीनवरचं बोलणं उघडून दाखवलं तर तुमचं जे खरं आहे तेही खोटं ठरेल. तेव्हा मी सगळं सांगितलं.

तिनं जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्याकडच्या कायद्यात एक ओळ आहे, की कॉम्प्युटरनं तयार केलेल्या गोष्टीचा लेखक म्हणजे ती ज्यानं तयार करवली तो. पण ती ओळ अशा चॅटबॉटांच्या फार आधीची. नुसतं ‘लिहून दे’ म्हणणारा लेखक होतो का, आणि ज्यात माणसाची अक्कल-मेहनत नाही अशा मजकुराला कायदा हक्क देतो का, हे कोर्टांनी अजून पक्कं केलेलं नाही. कंपनीच्या अटीनं छपाईवाला मालक होतो असंही नाही. कंपनी आपल्याकडे जे असेल ते वापरणाऱ्याला देते, पण मुळात कायद्यानं हक्कच धरला नसेल तर देणार काय. शिवाय तसंच सांगितलं तर मशीन दुसऱ्यालाही जवळपास तशीच वाक्यं देईल. मी चिडून विचारलं, मग व्यापारी म्हणतो तेच खरं? ती म्हणाली, अर्धं. तुम्ही बोलून पाठवलं होतं ते आहे का अजून?

होतं. फोनमध्ये तारखेसकट होतं. ते मी तिच्या टेबलावर लावलं. आजूबाजूला अशील, टायपिस्ट, चहावाला, आणि मधे माझा आवाज आमच्या बोलीत मोहाचं सांगत होता. ती पाकीट हातात धरून ऐकत होती आणि पेनानं खुणा करत होती. संपल्यावर तिनं पाकीट माझ्याकडे फिरवलं. दहापैकी चार वाक्यांखाली रेघ होती.

मोहाचं फूल तोडायचं नसतं, ते स्वतः पडलं की वेचायचं. ऊन चढायच्या आत उचललं तरच वास टिकतो. वाळलेलं फूल मुठीत दाबलं आणि हाताला चिकटलं, तर ते अजून वाळायचं आहे. आमच्या लाडवात आधी धूर लागतो, मग गोड लागतं.

ही चार मी बोलले तशीच होती. मशीननं फक्त ‘लागते’चं ‘लागतं’ केलं होतं. उरलेली सहा होती ‘निसर्गाच्या कुशीतून थेट आपल्या घरी’ आणि ‘परंपरेची गोडी, आरोग्याची जोडी’ अशी. ती मधाच्या बाटलीवर लावा, पापडावर लावा, कुठेही चालतील. आणि मी वर्षभर त्या सहांवरच खूश होते.

वकीलबाई म्हणाली, मोह कसा वाळवायचा ही माहिती कोणाच्या मालकीची नाही, ती कोणीही सांगावी. पण तुम्ही ज्या शब्दांत सांगितली आणि रेकॉर्ड केली ते शब्द तुमचे. त्यासाठी कुठे नोंदणी केली पाहिजे असंही नाही. उरलेल्या सहांवर मी भांडू शकते, जिंकेन असं सांगणार नाही. आणि यापुढे छपाईवाल्याकडून काही लिहून घ्याल तर मजकुराचे हक्क मला दिले असं त्याच्या सहीनं कागदावर घ्या. छपाई करून घेतली म्हणून मजकूर आपोआप आपला होत नाही.

चार वाक्यांची नोटीस गेली. त्याचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. व्यापाऱ्यानं महिन्याभरात ती चार काढली, वेबसाइटवरूनही आणि पाकिटावरूनही. सहा तशीच ठेवली. आजही आहेत. बाजारातून जाताना ती दिसतात आणि आजही माझं डोकं फिरतं.

पण तेव्हा माझ्यापुढे प्रश्न कॉलेजचा होता. बैठकीच्या आदल्या दिवशी छपाईवाला स्वतः घरी आला. मुलीचं कळलं होतं, त्याला खरंच वाईट वाटत होतं. म्हणाला, ताई, मी येतो कॉलेजात. सांगतो, ताईंनी कागदावर लिहून आणलं, मी नुसतं टाइप केलं. तुमचं पाकीट आधीचं, त्याचं मागचं, झालं काम. मशीनचं नावच काढायचं नाही, आणि मशीननं लिहिलं की माणसानं हे कोणतं सॉफ्टवेअर खात्रीनं सांगू शकतं?

तो म्हणत होता ते सगळं बरोबर होतं. असं केलं असतं तर मुलगी सुटली असती. तिची सही खरी ठरली असती. ‘मालकिणीनं स्वतः लिहिलं’ हेही खरं ठरलं असतं. आणि मी निबंधात पहिला नंबर आणणारीच राहिले असते. मी त्याला उद्या सकाळी सांगते म्हणाले. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मला काही विचारलं नाही. तो गेल्यावर ती आत गेली आणि प्रोजेक्टचे कागद लावत बसली. मला तिचा राग आला, का विचारत नाही म्हणून. स्वतःचा आला असता तर बरं झालं असतं, पण माणूस आधी दुसऱ्यावरच चिडतो.

सकाळी मी त्याला येऊ नको म्हणाले.

विभागात मॅडम होत्या आणि दोन सर. मला वाटलं होतं खेकसतील. मॅडमनी मला खुर्ची दिली. मी पाकीट ठेवलं, आमची छपाई आधीची असल्याचा पुरावा ठेवला, व्यापाऱ्यानं आमच्याकडून उचललं हे त्यांना पाच मिनिटांत पटलं. एक सर तर म्हणाले, म्हणजे हे आईंचंच लिखाण, मुलीची चूक एवढीच की अवतरणात घालून खाली आईंचं नाव द्यायला हवं होतं. मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिथेच थांबता आलं असतं.

मी म्हणाले, “हे मी नाही लिहिलं. चॅटबॉटनं लिहिलं. माझी यातली चारच वाक्यं आहेत. पोरीला हे माहीत नव्हतं, मी तिलाही खोटं सांगितलं.”

आणि फोनवर माझा आवाज लावला.

तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग मॅडमनी सांगितलं की चोरीचा कायदा आणि कॉलेजचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी. मजकूर कोणाच्या मालकीचा हे व्यापाऱ्याशी भांडताना लागेल. कॉलेज एवढंच बघतं, की विद्यार्थ्यानं जे आपलं म्हणून दिलं ते त्यानं लिहिलं का, आणि नसेल तर कोणाचं ते सांगितलं का. चॅटबॉट वापरला हा गुन्हा नाही, पण फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं ते चूक ठरलं, नकळत असलं तरी. प्रकरण तिसरं पुन्हा लिहायचं, स्वतःच्या शब्दांत, आठ दिवसांत. फॉर्म नवा भरायचा. त्या प्रकरणाचे मार्क अर्धेच धरले जातील. सेमिस्टर अडकणार नाही.

मी हात जोडले. मार्कांसाठी वाद घालायची माझी फार इच्छा होती. मुलीची चूक नसताना तिचे मार्क का कापता, हे तोंडाशी आलं होतं. पण ते मार्क कोणी कापले हे मला ठाऊक होतं, म्हणून गप्प बसले.

परत येताना गाडी ती चालवत होती, मी मागे. मुर्रीचा फाटा येईपर्यंत मी वाट बघत होते. मला वाटत होतं ती भांडेल. वर्गातल्या पोरी काय म्हणतील ते बोलेल, तू खोटं का सांगितलंस म्हणेल. मी उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातली दोन-तीन चांगली रागाची होती.

फाट्याशी तिनं गाडी बाजूला घेतली आणि वळून न बघता म्हणाली, “मॅडमनी प्रोजेक्ट देतानाच साऱ्यांले सांगितलं होतं, ज्याच्या त्याच्या धंद्याचं पाकिटावरचं, जाहिरातीतलं आपल्या शब्दांत लिहा. बाकी साऱ्या पोरींनी लिहिलं. मीच नाई लिहिलं.”

मी म्हणाले, काऊन?

“तू लिहिलं म्हणून,” ती म्हणाली. “त्याले हात लावावा वाटला नाही.”